एक गोचीड कानात, बाकीच्या भिंतीत

"डॉक्टर, औषध लावून चार दिवस झाले, तरी आज कानात परत गोचीड सापडली. औषध बोगस आहे का?" कुत्र्यांच्या दवाखान्यात उन्हाळा सुरू झाला की पावसाळा संपेपर्यंत हा प्रश्न सारखा कानावर पडतो. याचं उत्तर हो किंवा नाही असं देऊन मोकळं होता येत नाही. सापडलेली गोचीड जिवंत होती की वाळलेली, चपटी होती की रक्त पिऊन टम्म फुगलेली, औषध थेंबांचं होतं, पट्ट्याचं की गोळीचं, हे कळल्याशिवाय मी काहीच सांगू शकत नाही. कारण तिन्ही औषधं गोचीड मारत असली, तरी ती तिला वेगवेगळ्या ठिकाणी गाठतात. हे ठिकाण लक्षात आलं की दुकानदार सांगेल ते उचलायची गरज राहत नाही.

पण त्याआधी कानातली ती गोचीड काढायला हवी, आणि ती आत्ता काढायला हवी. औषधाची वाट बघत तिला तिथे ठेवायचं नाही.

आपल्याकडे कुत्र्यांवर बहुतेक वेळा दिसते ती तपकिरी गोचीड. रक्त न प्यायलेली प्रौढ गोचीड साधारण तीन मिलिमीटरची, चपटी आणि लालसर तपकिरी असते. मादी पोटभर प्यायली की करड्या-निळसर रंगाची होते आणि सेंटिमीटरभर फुगते. ती नुसती चावत नाही. तोंडाचे अवयव कातडीत घुसवते आणि भोवती लाळेतून एक चिकट द्रव सोडते. हा द्रव सिमेंटसारखा घट्ट होतो. चावा दुखू नये आणि रक्त गोठू नये अशी द्रव्यंही याच लाळेत असतात. रोगाचे जंतू कुत्र्याच्या अंगात शिरतात तेही याच वाटेने. म्हणून गोचीड काढताना दोन गोष्टी सांभाळायच्या असतात: तिचं पोट दाबलं जाऊ नये, आणि तिला जास्त वेळ तडफडत ठेवू नये.

आधी ती गोचीडच आहे याची खात्री करा. कुत्र्याच्या पोटावरची स्तनाग्रं (ती नरालाही असतात) किंवा चामखीळ गोचीड समजून ओढणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या कुत्र्यांचं विव्हळणंही ऐकलं आहे. केस बाजूला करून टॉर्चच्या उजेडात कातडीलगत बघा. पाय दिसले तर गोचीड. प्रौढ गोचिडीला आठ पाय असतात, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहा. शोधायच्या जागाही ठरलेल्या आहेत: कानाच्या आतली घडी, बोटांच्या बेचक्या, गळपट्ट्याखालची कातडी, पुढच्या पायांच्या काखा, जांघा आणि शेपटीचं मूळ. पाठीवरून हात फिरवून "काही नाही" म्हणणाऱ्यांच्या कुत्र्याच्या बोटांच्या बेचकीत हमखास दोन-तीन मिळतात.

हातात मोजे घाला. चिमटा अरुंद, टोकदार तोंडाचा हवा. भुवया कोरायच्या रुंद टोकाच्या चिमट्याने तोंडाऐवजी पोटच धरलं जातं. घरातलं दुसरं कुणी कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्याशी बोलत बसलं तर काम निम्मं सोपं होतं. चिमट्याची टोकं कातडीला अगदी टेकवा, गोचिडीला पोटाशी न धरता तोंडाशी धरा, आणि कातडीपासून सरळ वर, सावकाश, एकसारखा ताण देत ओढा. हिसका द्यायचा नाही, पिळायचं नाही. कातडी किंचित वर उचलली जाईल. तिथेच ताण तसाच धरून थांबा. काही सेकंदांत पकड सुटते. घाईमुळे बिघडतं ते नेमकं याच क्षणी: गोचीड सुटत नाही असं वाटून माणूस झटका देतो आणि धड हातात येतं, तोंड आत राहतं.

ऑनलाइन दुकानांत आकड्याच्या आकाराचे प्लास्टिकचे टिक हुकही मिळतात. त्याची फट गोचिडीखाली सरकवायची आणि मग हुक गोल फिरवत उचलायचा. 'पिळू नका' हा नियम चिमट्याचा आहे. हुकची रचनाच फिरवण्यासाठी केलेली असते आणि त्यात पोट दाबलं जात नाही. घरी लहान मुलं असतील किंवा हात थरथरत असतील, तर हुक सोपा पडतो.

निघालेली गोचीड नीट बघा. तोंडाशी कातडीचा बारीक पांढरट पापुद्रा चिकटलेला असेल तर घाबरू नका. ती घट्ट झालेली लाळ असते, आणि गोचीड पूर्ण निघाल्याची ती खूण आहे. तोंडाचा काळा ठिपका कातडीत राहिलाच, तर सुईने उकरत बसू नका. शरीर तो काही दिवसांत आपोआप बाहेर टाकतं. उकरल्याने होते ती जखम त्या ठिपक्यापेक्षा वाईट असते. जागा साबणाने धुवा आणि पोव्हिडोन-आयोडीन लावा. तिथे आठ-दहा दिवस वाटाण्याएवढी गाठ राहू शकते. ती वाढत गेली, पू दिसला किंवा कुत्रा सारखा चाटू लागला तरच दाखवायला आणा.

काढलेली गोचीड नखाने चिरडायची नाही आणि चपलेखाली रगडायची नाही. तिच्या पोटातलं रक्त बोटावरच्या बारीक चिरेतून आपल्या अंगात जाऊ शकतं. झाकणाच्या छोट्या बाटलीत थोडं स्पिरिट किंवा साबणाचं दाट पाणी घ्या आणि तीत टाका. कुत्र्यालाही ती तोंडात घेऊ देऊ नका. हेपॅटोझून नावाचा एक परजीवी चाव्यातून जातच नाही. कुत्र्याने गोचीड गिळली की तो त्याच्या अंगात शिरतो. शेवटी कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर ती तारीख डॉक्टरांच्या कामी येते.

आता जे करायचं नाही त्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त त्रास यानेच झालेला दिसतो. रॉकेल, पेटती काडी, उदबत्तीचा चटका, खोबरेल तेल, व्हॅसलीन, नेलपॉलिश. यामागची कल्पना अशी की गोचीड गुदमरेल किंवा भाजेल आणि आपण होऊन तोंड सोडेल. पण गोचिडीचा श्वास फार संथ असतो. तेलाखाली ती तासन्‌तास जगते आणि तेवढा वेळ चिकटलेलीच राहते. चिडलेली गोचीड पोटातलं आणि लाळेतलं द्रव्य कुत्र्याच्या अंगात उलट सोडू शकते, म्हणजे जे टाळायचं तेच घडतं. रॉकेलने तर कातडी भाजते, कुत्रा ते चाटतो, आणि ते फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. एका गोचिडीपायी जनावर सलाइनवर आलेलं बघणं फार वाईट असतं. जेवणातून लसूण घालण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि गोचिडीने आधीच रक्त कमी झालेल्या कुत्र्याला तेच द्यायचं म्हणजे दुहेरी मार.

गोचीड कानाच्या नळीत खोलवर किंवा पापणीच्या कडेला असेल, तर घरी हात लावू नका. अंगावर शेकडो असतील तरी एकेक उपटत बसू नका. मोठ्या, फुगलेल्या तेवढ्या काढा आणि कुत्र्याला डॉक्टरांकडे न्या. अशा कुत्र्याचं रक्त किती उरलं आहे हे आधी बघावं लागतं.

माणसाला चावलेली गोचीडही अशीच काढायची. कुत्र्याची तपकिरी गोचीड माणसाला क्वचितच चावते. पण सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आणि गोव्यात सत्तरीत जंगलातल्या वेगळ्या जातीच्या, अगदी बारीक गोचिडींमुळे २०१५-१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. काजूच्या बागेतून आल्यावर अंगावर गोचीड सापडली आणि आठवडाभरात ताप भरला, तर आरोग्य केंद्रात गोचिडीचा उल्लेख जरूर करा.

हे झालं दिसलेल्या गोचिडीचं. न दिसणाऱ्या फार जास्त असतात. तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते: पिल्लू असताना, मधल्या अवस्थेत आणि प्रौढ झाल्यावर. दर वेळी पोट भरलं की ती कुत्र्यावरून खाली पडते, एखादी फट गाठते आणि तिथे कात टाकते. प्रौढ मादी शेवटचं जेवण झालं की भिंतीवर चढते आणि प्लॅस्टरच्या भेगेत, खिडकीच्या चौकटीमागे किंवा स्विचबोर्डाच्या कडेला दोन-चार हजार अंडी घालून मरते. कोणत्याही वेळी त्या घरातल्या बहुतेक गोचिडी कुत्र्यावर नसतातच, घरात असतात. बाकीच्या बऱ्याच गोचिडींना शेत, कुरण, जंगल लागतं. हिला आपला हॉल पुरतो. उपाशी प्रौढ गोचीड वर्षभरही तग धरू शकते. फिनेलने फरशी पुसून तिचं काही बिघडत नाही, कारण ती फरशीवर नाही, फरशीच्या वर आहे.

म्हणजे औषधाने कुत्र्यावरच्या गोचिडी मारल्या, तरी भिंतीतल्या नव्या गोचिडी पुढचे दोन-तीन महिने त्याच्यावर चढत राहणार. त्या चढल्या आणि मेल्या, तर औषध काम करतंय. तिन्ही प्रकारांची तुलना करायची ती हीच गोष्ट धरून.

स्पॉट-ऑन म्हणजे मानेवर सोडायचे थेंब. आपल्याकडे यात बहुतेक वेळा फिप्रोनिल असतं. ते रक्तात जाऊन काम करत नाही. कातडीवरच्या तेलकट थरात मिसळून अंगभर पसरतं, तेलग्रंथींत साठतं आणि महिनाभर हळूहळू बाहेर येत राहतं. गोचिडीला औषध लागायला ती चावायलाच हवी असं नाही, अंगावर चालली तरी पुरे. पण मरायला तिला दोन दिवस लागू शकतात आणि तेवढ्या वेळात ती चावूही शकते. सगळा खेळ कातडीवरच्या तेलाचा असल्याने त्याचा शत्रू शाम्पू आहे. थेंब टाकण्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. दर आठवड्याला शाम्पू लावला जात असेल, तर महिन्याचं औषध महिना पुरत नाही. टाकण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. दोन्ही खांद्यांच्या मध्ये, जिथे त्याला चाटता येणार नाही तिथे, केस दुभागून कातडी उघडी करायची आणि पिपेटचं टोक कातडीला टेकवून दाबायचं. केसांवर सोडलेलं औषध केसांवरच वाळतं.

काही थेंबांत पर्मेथ्रिन असतं. ते गोचिडीला मारतं आणि शिवाय चावण्याआधीच दूरही ठेवतं, ही त्याची जमेची बाजू. पण घरात मांजर असेल तर हे औषध उंबऱ्याच्या आत आणू नका. मांजराच्या यकृताला पर्मेथ्रिन मोडता येत नाही. कुत्र्याच्या मानेवरचं ओलं औषध तिने चाटलं किंवा ती त्याला बिलगून झोपली, तरी तिला कंप सुटतो, झटके येतात, ती दगावू शकते. चुकून असं झालंच, तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने तिला धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. गोठ्यात वापरायचं सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला चोपडण्याची पद्धत गावाकडे आहे. त्यातून कुत्र्यांना होणारी विषबाधा तर दिसतेच, पण त्याच अंगणातली मांजरं का मेली हे पुष्कळदा कुणाच्या लक्षातही येत नाही.

कॉलर, म्हणजे औषधी पट्टा, हाही कातडीच्या तेलातूनच काम करतो. फरक एवढाच की तो रोज थोडं थोडं औषध सोडत राहतो. फ्लुमेथ्रिन आणि इमिडाक्लोप्रिड असलेला पट्टा आठ महिन्यांपर्यंत चालतो, डेल्टामेथ्रिनचा साधारण पाच-सहा महिने. महिन्याच्या हिशेबाने हा पुष्कळदा सगळ्यात स्वस्त पडतो. पण लोक तो चुकीचा घालतात. दिसायला बरा म्हणून सैल लोंबता ठेवतात किंवा रोजच्या गळपट्ट्यावरून घालतात. औषध कातडीत उतरायचं तर पट्टा कातडीला लागायला हवा. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवा, उरलेलं टोक कापून टाका आणि वाढत्या पिल्लाचा पट्टा दर पंधरवड्याला तपासा. तो पहिल्या दिवशी पूर्ण काम करत नाही. फ्लुमेथ्रिनच्या पट्ट्याला दोन दिवस द्यावे लागतात, डेल्टामेथ्रिनच्या पट्ट्याला आठवडा किंवा त्याहून जास्त. आधीपासून चिकटलेल्या गोचिडी हातानेच काढाव्या लागतात. पट्ट्याखालची कातडी लाल झाली, केस गळू लागले तर तो काढा. घरात रांगतं मूल कुत्र्याच्या गळ्यात पडून खेळत असेल, तर पट्टा मला पसंत नाही. एकच लक्षात ठेवा, वासाच्या तेलांचे 'नैसर्गिक' पट्टे या गटात बसत नाहीत. आत औषध कोणतं हे पाकिटावर लिहिलेलं नसेल तर तो पट्टा घेऊ नका. नामांकित पट्ट्यांच्या हुबेहूब नकलाही ऑनलाइन विकल्या जातात, म्हणून तो ओळखीच्या दुकानातूनच घ्यावा.

तिसरा प्रकार चघळायच्या गोळीचा. अफॉक्सोलॅनर, सारोलॅनर, लोटिलॅनर या महिन्याच्या गोळ्या. फ्लुरालॅनर बारा आठवड्यांची. ही चारही औषधं एकाच घराण्यातली, आयसॉक्सॅझोलिन गटातली, आणि २०१३-१४ नंतर बाजारात आलेली. इथे औषध रक्तात असतं. कातडीवर काहीच नसल्याने आंघोळ, पाऊस, नदीत डुंबणं यांचा काही परिणाम होत नाही; मांजराला किंवा मुलाला काही लागत नाही. पण गोचीड मरायला ती आधी चावलीच पाहिजे. चावल्यावर ती साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांत मरते, महिन्याच्या गोळीचे शेवटचे दिवस असतील तर जास्त वेळ लागतो. एर्लिकिया हा आपल्याकडच्या गोचीड तापाचा मुख्य जंतू चाव्यानंतर काही तासांतही अंगात जाऊ शकतो. त्यामुळे गोळीने तापाचा धोका खूप कमी होतो, शून्य होत नाही. गोळी चालू असली तरी फिरून आल्यावर कान आणि बोटं तपासायची ती म्हणूनच.

गोळी कुणाला नको? ज्याला पूर्वी फिट येऊन गेली आहे त्याला, निदान डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तरी नको. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या सगळ्या गटाबद्दल सावधगिरीची सूचना काढली. काही कुत्र्यांत थरथर, झोक जाणं, झटके दिसले होते, आणि त्यांतल्या काहींना आधी असा त्रास कधी नव्हता. बहुसंख्य कुत्र्यांना या गोळ्या सुरक्षित आहेत. तरी पहिली गोळी सुट्टीच्या दिवशी सकाळी द्या, म्हणजे दिवसभर लक्ष राहील. फ्लुरालॅनर आणि लोटिलॅनर जेवणासोबत द्यायच्या, रिकाम्या पोटी त्या नीट शोषल्या जात नाहीत. दोन महिन्यांखालच्या पिल्लांना मात्र तिन्हींपैकी काहीही मनाने देऊ नका. त्यांच्यासाठी चिमटा आणि बारीक दातांची फणी.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. तो विचारणारं घर पुण्यातलं, तळमजल्याचं. सत्तावीस किलोचा लॅब्रॅडोर, एक मांजर, चार वर्षांची मुलगी. शनिवारी रात्री त्यांनी मेडिकलमधून आणलेलं फिप्रोनिलचं पिपेट मानेवर टाकलं, रविवारी सकाळी नेहमीसारखी शाम्पूची आंघोळ घातली आणि बुधवारी कानात गोचीड सापडली. मी रिकामं पिपेट घेऊन यायला सांगितलं. त्यावर ०.६७ मिलिलिटर लिहिलं होतं. हे दहा किलोपर्यंतच्या कुत्र्याचं माप. वीस ते चाळीस किलोच्या कुत्र्याला २.६८ मिलिलिटरचं लागतं. म्हणजे पहिल्यांदाच पाव मात्रा पडली, आणि तीही बारा तासांत शाम्पूने धुतली गेली. सापडलेली गोचीड करडी, फुगलेली आणि जिवंत होती. औषध बोगस नव्हतं, ते कुत्र्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं.

पुढे काय द्यायचं हे घराकडे बघूनच ठरलं. मांजर असल्याने पर्मेथ्रिन बाद. मुलगी कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून टीव्ही बघते, म्हणून पट्टा मागे पडला. रविवारची आंघोळ सुटणार नाही असं आईने स्पष्ट सांगितलं, म्हणून थेंबही गेले. कुत्र्याला कधी फिट आलेली नव्हती. वीस ते चाळीस किलोच्या गटातली फ्लुरालॅनरची गोळी दिली, भात-चिकनसोबत. हाच कुत्रा मालवणजवळच्या वाडीतला, आंघोळ न करणारा आणि दर महिन्याला गोळीची आठवण ठेवणारं कुणी नसलेला असता, तर मी आठ महिन्यांचा पट्टा सांगितला असता. फिटचा इतिहास असता, तर बरोबर मापाचे थेंब आणि कमी आंघोळ.

घराची तयारीही सांगितली. कुत्रा झोपतो त्या कोपऱ्यातल्या भिंतीच्या भेगा व्हाइट सिमेंटने बुजवा, गोधडी आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, चौकटी आणि सोफ्यामागची फट व्हॅक्युमने ओढून घ्या आणि आतला कचरा पिशवीत बांधून लगेच बाहेर टाका. फार झालं असेल तर पेस्ट कंट्रोल, पण त्या दिवशी कुत्रा-मांजर दुसरीकडे. कुत्र्याला मात्र घरातून कायमचं गच्चीवर हलवू नका. औषध घेतलेला कुत्रा त्याच घरात राहिला तर भिंतीतल्या उपाशी गोचिडी त्याच्यावर येतात आणि मरतात. तो नसला की त्या नुसत्या वाट बघत बसतात.

गोळी दिल्यापासून रोज सापडेल ती गोचीड त्यांनी स्पिरिटच्या बाटलीत टाकायची आणि आठवड्याने बाटली दाखवायची असं ठरलं होतं. पहिल्या आठवड्याच्या बाटलीत वाळलेल्या, आक्रसलेल्या, बोटाने खरवडताच गळून पडलेल्या गोचिडी होत्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बारीक, चपट्या नव्या आल्या, आणि घरात पुन्हा काळजी सुरू झाली. त्या भिंतीतून येत होत्या आणि पोट भरायच्या आत मरत होत्या. मी बघत होतो ते एकच: गोळीनंतर तीन दिवस उलटल्यावर सापडलेली एखादी तरी करडी, फुगलेली, पाय हलवणारी गोचीड आहे का. असती, तर मात्रा, वजन, गोळी ओकली का, हे सगळं परत तपासावं लागलं असतं. फिप्रोनिल आणि पर्मेथ्रिनला न जुमानणाऱ्या तपकिरी गोचिडी काही देशांत आढळल्या आहेत, तेव्हा मात्रा आणि पद्धत बरोबर असूनही फुगलेल्या गोचिडी येत राहिल्या तर औषधाचा गट बदलावा लागतो. आधीच्या औषधावर दुसरं औषध आपल्या मनाने चढवू नये. इथे तशी वेळ आली नाही. दहाव्या आठवड्यापासून बाटली रिकामी राहिली, आणि बाराव्या आठवड्याला दुसरी गोळी दिली, कारण भिंतीत अजून कुणी उपाशी बसलंय का हे कळायला दुसरा मार्ग नाही.

त्यांना फ्रिजवर चिकटवायला एक कागदही दिला होता. कुत्रा जेवण टाकून बसला, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं, पोटावर लाल ठिपके उठले किंवा लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी रक्त तपासायचं, गोळी चालू असली तरी. पॅरासिटामॉल किंवा घरात पडलेलं कुठलंही तापाचं औषध द्यायचं नाही, आणि येताना बाटली व कॅलेंडरवरच्या तारखा घेऊन यायचं.